बिलाचा फोटो, बारा व्हॉल्व्ह आणि एक पुसट आठ

ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास हार्डवेअरची दुकानं चालवणाऱ्यांना हल्ली एक जाहिरात हमखास दिसते: बिलाचा फोटो काढा, खरेदीची एंट्री आपोआप, ९९ टक्के अचूक! ही अचूकता बहुधा दर अक्षरामागची असते. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पंधराच्या पंधरा बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा पंधरावा घात, म्हणजे साधारण ८६ टक्के. दर सात नंबरांत एक चुकीचा! भविष्य सांगणारेसुद्धा इतक्या बिनधास्तपणे टक्केवारी देत नाहीत.

तरीही ही पद्धत कामाची आहे, कारण बिलातले आकडे एकमेकांना बांधलेले असतात. समजा, बिलावर १२ बॉल व्हॉल्व्ह, दर ३८५, रक्कम ४,६२०. त्यावर सीजीएसटी ९ टक्के ४१५.८०, एसजीएसटी तेवढाच, राउंड ऑफ ४० पैसे, एकूण ५,४५२. बिल घडी पडलेलं, इंग्रजी आठाची डावी बाजू पुसट. ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम. तो दर ३३५ वाचतो.

आता १२ गुणिले ३३५ होतात ४,०२०. रकमेशी जुळत नाही. मग चूक कुठे? ४,६२० चे ९ टक्के बरोबर ४१५.८० येतात आणि बेरीजही ५,४५२ ला लागते, म्हणजे रकमेच्या बाजूने तीन साक्षीदार उभे राहिले. उरले नग आणि दर. नग चुकले म्हणावं तर ४,६२० भागिले ३३५ म्हणजे १३.७९, पावणेचौदा व्हॉल्व्ह कोणी विकत नाही. म्हणजे दरच चुकला, आणि तो ३८५ असणार. मालाची मोजणी मीटर किंवा किलोत असेल तर मात्र हा शेवटचा युक्तिवाद पांगळा पडतो.

म्हणून प्रोग्रामने दर गुपचूप बदलायचा नाही. ३८५ ची सूचना द्यायची, शेजारी फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून दाखवायचा आणि एंट्री कच्चीच ठेवायची. टॅलीत यासाठी ऑप्शनल व्हाउचर आहे: क्लार्कने पक्कं करेपर्यंत त्याचा हिशेबावर परिणाम होत नाही.

खरी अडचण बिल नंबर आणि तारखेची. जीएसटी नंबरातलं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं, त्यामुळे तिथली एका अक्षराची चूक सहसा पकडली जाते. बिल नंबर ४१७ चा ४७७ झाला तर कुठलीच बेरीज बिघडत नाही. तो चुकीचा नंबर जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी, तिच्याशी ताळा करताना, म्हणजे पुढच्या महिन्यात समोर येतो. किंवा तेच बिल दुसऱ्यांदा चढवलं तरी प्रोग्राम ते नवं समजतो.

शंभर एंट्र्या बरोबर निघाल्या की क्लार्क न बघता ओके दाबतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून बिल नंबरचा रकाना मुद्दाम कोरा ठेवावा. क्लार्कने फोटो पाहून नंबर टाइप करावा आणि तो ओसीआरच्या वाचनाशी जुळला नाही तरच स्क्रीनवर लाल चौकट यावी.