फॉर्म मुलीने भरला, ईमेल आईचा गेला

एकाच कॉम्प्युटरवर घरातले तीन-चार जण बसत असले की कधी ना कधी कोणीतरी घाबरून म्हणतं, "माझं अकाउंट हॅक झालंय, मी साइट उघडली तर भलत्याचंच नाव दिसतंय." मग सगळे पासवर्ड बदलले जातात, कोणीतरी व्हायरस शोधायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच होतं. तेच होणार, कारण बाहेरून कोणी घरात शिरलेलंच नसतं. ब्राउझर त्याचं ठरलेलं काम चोख करत असतो. तो साइट ओळखतो. खुर्चीत कोण बसलंय हे कळायची कुठलीही सोय त्याच्याकडे नाही.

एक प्रसंग घेऊ. अकरावीतल्या मुलीला क्लासकडून सराव चाचणीची लिंक येते. चाचणी गुगल फॉर्मवर आहे. मुलगी घरच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये लिंक उघडते. तिचं स्वतःचं जीमेल शेजारच्या टॅबमध्ये उघडं आहे, म्हणजे तिच्या मते ती लॉगिन आहेच. ती उत्तरं देते आणि Submit दाबते. गुण मात्र आईच्या ईमेलवर येतात आणि क्लासच्या यादीत मुलगी गैरहजर. मुलीचं जीमेल उघडं असताना फॉर्मने आईचा पत्ता उचलला कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. वेबपानं ज्या एचटीटीपी नियमांनी मागवली जातात, त्या नियमांना स्मरणशक्ती नाही. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरून जातो. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी नवे पाहुणे. नुसती पानं वाचायची असतील तर याने काही बिघडत नाही, पण ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर लक्षात ठेवायची कशी, हा प्रश्न 1994 मध्ये नेटस्केप कंपनीत उभा राहिला. तिथल्या लू माँटुली या अभियंत्याने तोड काढली: लक्षात ठेवायची खूण ब्राउझरकडेच सोपवायची आणि ब्राउझरने प्रत्येक फेरीला ती परत दाखवायची. हीच कुकी.

तुम्ही पासवर्ड टाकून आत शिरता तेव्हा सर्व्हर उत्तरासोबत साधारण अशी ओळ पाठवतो:

```
Set-Cookie: session=9f2c71ab; Max-Age=31536000; Secure; HttpOnly
```

`9f2c71ab` हा तुमचा पासवर्ड नाही. देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा बिल्ला असतो, तसा तो नुसता क्रमांक आहे. तो कोणत्या खात्याचा, हे सर्व्हरच्या वहीत लिहिलेलं असतं. `Max-Age` हा आकडा सेकंदांत आहे. 31536000 म्हणजे 365 दिवस. या मुदतीत ब्राउझर त्या साइटकडे जेव्हा जेव्हा जाईल, तेव्हा न विचारता बिल्ला पुढे करेल. क्रोम 2022 पासून एका कुकीला 400 दिवसांहून जास्त आयुष्य देत नाही, पण साइट प्रत्येक भेटीत मुदत वाढवून देऊ शकते. म्हणून गेल्या दिवाळीत केलेलं लॉगिन यंदाच्या गणपतीतही जिवंत सापडतं.

इथेच गोम आहे. बिल्ला कोणत्या साइटला दाखवायचा हे ठरलेलं असतं. माउस कोणाच्या हातात असेल तेव्हा दाखवायचा, हे ठरवणारा रकाना त्या ओळीत नाहीच. बहुतेक साइटवर एका वेळी एकच बिल्ला असतो, म्हणून शेवटी ज्याने लॉगिन केलं त्याचं खातं उघडतं. गुगलची तऱ्हा वेगळी. तो एकाच ब्राउझरात अनेक खाती चालू ठेवू देतो आणि त्यांना लॉगिनच्या क्रमाने नंबर देतो. पहिलं खातं शून्य, दुसरं एक. हे डोळ्यांनी पाहता येतं. जीमेल उघडून पत्त्याच्या पट्टीकडे बघा:

```
https://mail.google.com/mail/u/0/
https://mail.google.com/mail/u/1/
```

सकाळी आईने पहिल्यांदा लॉगिन केलं, तिचा नंबर शून्य. मुलगी नंतर आली, तिचा एक. तिच्या जीमेलच्या टॅबवर `u/1` होतं, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसत होतं. क्लासने पाठवलेल्या लिंकमध्ये असा नंबर नव्हता. नंबर नसला की गुगल शून्य धरून चालतो आणि शून्यावर आई. शेजारच्या टॅबमध्ये कोण आहे, याचा नव्या टॅबशी काही संबंध नाही. फॉर्मच्या वरच्या भागात ईमेल पत्ता आणि त्याच्याजवळ Switch account असं लिहिलेलं असतं. Submit दाबण्याआधी ती एक ओळ वाचली तर हा घोळ तिथेच पकडता येतो.

यात 2018 मध्ये आणखी एक गुंता वाढला. क्रोमच्या 69व्या आवृत्तीपासून जीमेलसारख्या साइटवर लॉगिन केलं की ब्राउझरही त्याच खात्यात लॉगिन होऊ लागला. तेव्हा बरीच ओरड झाली आणि पुढच्या आवृत्तीत ते बंद करायचा पर्याय आला, पण घरोघरी तो कोणी शोधत बसत नाही. त्यामुळे क्रोममध्ये आता दोन गोल चित्रं दिसतात. एक पानाच्या आत, वर उजवीकडे: ते साइटवरचं खातं. दुसरं त्याच्याही वर, तीन टिंबांच्या शेजारी: ते ब्राउझरचं खातं. वरचं चित्र आईचं आणि खालचं मुलीचं असेल, तर पुढे गोंधळ होणार हे नक्की समजा. कुकीज साफ केल्या तरी आईचं खातं पुन्हा उगवतं ते यामुळेच. ब्राउझर स्वतः आईच्या खात्याला जोडलेला असेल, तर तो नवा बिल्ला आपला आपण आणतो. आधी वरच्या चित्रावर क्लिक करून ब्राउझरला त्या खात्यातून बाहेर काढावं लागतं.

आता पासवर्ड आणि फॉर्म आपोआप भरण्याबद्दल. लोक या सगळ्याला मिळून "सेव्ह झालेलं" म्हणतात, पण क्रोमने त्याच्या तीन वेगळ्या फाइली केलेल्या असतात. विंडोजवर `User Data` नावाच्या फोल्डरात `Default` हे फोल्डर असतं. त्याच्या पोटात कुकीजची फाइल `Cookies` (आतल्या `Network` फोल्डरात), जपून ठेवलेल्या पासवर्डांची `Login Data`, आणि नाव, पत्ता, फोन नंबर असं फॉर्ममध्ये भरायचं सामान `Web Data` मध्ये. एक पुसली म्हणून दुसरी पुसली जात नाही. जपलेला पासवर्ड काढून टाकला तरी चालू लॉगिन तसंच राहतं, कारण बिल्ला जागेवर आहे. उलट कुकीज पुसल्या तर साइट बाहेर काढते, पण लॉगिनचं पान उघडताच आईचं नाव आणि ठिपक्यांमागचा पासवर्ड तयार भरलेला असतो. घाईत मुलगी एंटर दाबते आणि पुन्हा आईच्या खात्यात.

पासवर्ड कूटबद्ध करून ठेवलेले असतात हे खरं. पण विंडोजवर त्यांची किल्ली विंडोजच्या यूजरशी बांधलेली असते. घरात सगळे एकाच यूजरने कॉम्प्युटर चालू करत असतील, तर ती किल्ली सगळ्यांचीच झाली.

साफसफाई करायची तर क्रम सांभाळा. ज्याचं खातं काढायचं, त्याला स्वतःचा पासवर्ड ठाऊक आहे ना आणि ओटीपीचा फोन जवळ आहे ना, हे आधी पाहा. कित्येक घरांत पासवर्ड फक्त ब्राउझरलाच माहीत असतो. दुसरं म्हणजे वरच्या चित्रावर क्लिक करून सिंक चालू आहे का ते बघा. सिंक चालू असताना इथे पासवर्ड पुसला तर तो आईच्या फोनमधल्या क्रोममधूनही जातो. म्हणून आधी ब्राउझरला त्या खात्यापासून तोडायचं, पुसापुशी नंतर.

मग साइटवर जाऊन रीतसर Sign out करा. नुसती कुकी पुसणं म्हणजे आपल्याकडचा बिल्ला फेकणं. सर्व्हरच्या वहीतली नोंद तशीच राहते. Sign out केल्यावर नीट बांधलेली साइट ती नोंदही खोडते. आई गावाला असेल तर गुगल खात्याच्या सेटिंगमधल्या Your devices या यादीतून ती फोनवरून घरच्या कॉम्प्युटरवरचं लॉगिन बंद करू शकते. त्यानंतर पासवर्ड काढायला पत्त्याच्या पट्टीत `chrome://password-manager/passwords` टाका; फायरफॉक्समध्ये `about:logins`. नाव-पत्त्यांसाठी `chrome://settings/addresses`. एखाद्या चौकटीत आईचा जुना फोन नंबर सारखा डोकावत असेल, तर बाणाच्या बटणाने त्या सूचनेवर जाऊन Shift आणि Delete एकदम दाबा. तेवढी एकच नोंद जाते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. Ctrl+Shift+Delete ने उघडणाऱ्या खिडकीतून सरसकट पुसत असाल, तर मुदत All time आहे ना ते पाहा. मागच्या तासाभराचंच पुसायचं निवडलेलं असेल तर महिन्यांपूर्वीचं लॉगिन जागचं हलत नाही.

"एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर स्वच्छ" म्हणणारी मोफत सॉफ्टवेअर यासाठी अजिबात घेऊ नका. ती याच तीन फाइलींना हात घालतात, कोणाचं काय ठेवायचं हे त्यांना कळत नाही, आणि आपले पासवर्ड असलेल्या फोल्डरात अनोळखी प्रोग्राम शिरतो तो वेगळाच. कुकी हा व्हायरसही नाही. तो नुसता मजकूर आहे, त्यात चालणारं काही नसतं. इन्कॉग्निटो खिडकीचाही असाच बोलबाला आहे. ती बिल्ल्यांचा कोरा गल्ला देते आणि अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की तो रिकामा होतो. एकदाच फॉर्म भरायचा असेल तर ती उत्तम. पण जपलेले पासवर्ड ती मूळ फाइलीतूनच सुचवते, म्हणजे आईचं नाव तिथेही समोर येतं.

रोजच्या वापरासाठी खरा इलाज प्रोफाइलचा. वरच्या चित्रावर क्लिक करून प्रत्येकासाठी नवं प्रोफाइल बनवलं की क्रोम `Default` शेजारी `Profile 1`, `Profile 2` अशी फोल्डरं तयार करतो आणि त्या तिन्ही फाइली प्रत्येकाच्या वेगळ्या होतात. मुलीच्या प्रोफाइलमध्ये शून्य नंबरला ती स्वतःच असते, मग लिंकमध्ये नंबर असो वा नसो. प्रत्येकाला वेगळा रंग द्या, म्हणजे कोणाची खिडकी उघडी आहे हे लांबूनही कळतं. एक सवय मात्र लागते: व्हॉट्सअॅपच्या डेस्कटॉप अॅपमधून लिंक दाबली तर ती साधारणपणे शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. म्हणून आधी आपली खिडकी समोर आणायची, मग लिंक दाबायची.

प्रोफाइलला कुलूप नसतं, हेही सांगायला हवं. मुलगा दोन क्लिकमध्ये बाबांच्या प्रोफाइलमध्ये जाऊ शकतो. प्रोफाइलने चूक टळते, डोकावणं टळत नाही. बाबांची बँक किंवा आईच्या ऑफिसचं काम त्याच कॉम्प्युटरवर होत असेल, तर विंडोजमध्येच प्रत्येकाचा वेगळा यूजर आणि वेगळा पासवर्ड करावा लागतो. तेव्हा कुठे पासवर्डांची किल्लीही प्रत्येकाची वेगळी होते.