लेखाशीर्षाला जोडलेला निर्देशक: नंदुरबारच्या पोषण खर्चाची पार्श्वभूमी

खर्चाच्या आकड्याशेजारी कामाचा आकडा लिहायची कल्पना जुनी आहे. केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने ती १९६८ च्या सुरुवातीला सुचवली आणि त्याच वर्षी निवडक मंत्रालयांनी ती उचलली. आपल्याकडे विभागांची ‘कार्यक्रम अंदाजपत्रकं’ त्याच वाटेने आली. त्यांचा भर किती अंगणवाड्या चालल्या, किती लाभार्थ्यांना आहार गेला यावर असायचा. मूल सुधारलं का, हा प्रश्न बराच नंतरचा.

पुढे जो गुंता झाला त्याचं मूळ लेखाशीर्षांच्या, म्हणजे सरकारी खर्च ज्या सांकेतिक शीर्षांखाली नोंदला जातो त्यांच्या, रचनेत आहे. १ एप्रिल १९७४ पासून शीर्षांची नवी मांडणी आली. प्रधान शीर्ष म्हणजे कार्य, गौण शीर्ष म्हणजे कार्यक्रम, त्याखाली योजना, असा तिचा हेतू होता. १९८७ मध्ये प्रधान शीर्ष चार अंकी झालं. ही मांडणी शुद्ध राहिली असती, तर गौण शीर्षाला निर्देशक, म्हणजे काम किंवा परिणाम मोजणारा आकडा, लावला की काम झालं असतं. पण त्याच पाचव्या योजनेत आदिवासी उपयोजना सुरू झाली. तिचा पैसा दुसरीकडे वळू नये म्हणून तो हिशेबात वेगळा दिसायला हवा होता, त्यासाठी ७९६ हे गौण शीर्ष ठरलं. जिल्हा परिषदांना जाणाऱ्या अनुदानासाठी १९६ आलं. दोन्हींची गरज खरी होती, पण ७९६ वाचून पैसा कोणत्या क्षेत्रासाठी आहे एवढंच कळतं आणि १९६ वाचून तो कोणाच्या हाती गेला एवढंच. कशासाठी गेला, ते दोन्हींवरून कळत नाही. जळगावात ही अडचण थोडी आहे. नंदुरबारमध्ये मात्र निधीचा मोठा वाटा आदिवासी उपयोजनेतूनच येतो, त्यामुळे तिथे ती अडचण नसून रोजचा कारभार आहे. १९९३-९४ पासून राज्याने आदिवासी निधी एका विभागाच्या अंदाजपत्रकात एकत्र आणला, तेव्हा पैसा सुरक्षित झाला. पण मूळ खात्याचं काम अंदाजपत्रकाच्या एका मागणीत आणि त्याचा आदिवासी भाग दुसऱ्या मागणीत, अशी फाळणीही झाली.

धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरचं एक मूल घ्या. अंगणवाडी चालवण्याचा खर्च साधारणपणे २२३५ खाली, पूरक आहार २२३६ खाली. २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आली, पुढच्या वर्षी लहान मुलांसाठी अंडी-केळी आली, आणि हा पैसा आदिवासी विकासाच्या मागणीतून येतो. मूल तीव्र कुपोषित निघालं आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं, तर तो खर्च आरोग्याचा. म्हणजे मूल एक आणि शीर्षं चार.

केंद्राने २००५ मध्ये फलनिष्पत्तीचं स्वतंत्र अंदाजपत्रक मांडलं, २००७-०८ पासून ते आणि जुनं कार्यक्रम अंदाजपत्रक एकत्र केलं. २०१७-१८ मध्ये योजना-योजनेतर भेद संपला आणि प्रत्येक योजनेपुढे काम आणि परिणाम असे दोन वेगळे रकाने आले. वाद इथूनच सुरू होतो: परिणामाचा निर्देशक एकेका शीर्षाला लावायचा, की शीर्षाला फक्त कामाचा आकडा द्यायचा आणि परिणाम बाहेर ठेवायचा? पहिला पर्याय घेतला की शंभर मुलं सुधारल्याचं श्रेय चारही शीर्षं घेतात आणि बेरजेत चारशे मुलं दिसतात. दुसरा घेतला तर चौघांचेही कामाचे रकाने शंभर टक्के भरतात आणि मूल आहे तिथेच राहतं.

व्यवहारात टिकतो तो मधला मार्ग. कामाचा निर्देशक योजनेच्या सांकेतांकाला, म्हणजे उपशीर्षाच्या पातळीला लावायचा. परिणामाचा निर्देशक शीर्षांच्या गटाला लावायचा आणि गटाचा प्रमुख एकच अधिकारी ठेवायचा. लेखा शाखेचा यावरचा आक्षेप रास्त आहे. एकाच योजनेचा केंद्र हिस्सा, राज्य हिस्सा आणि आदिवासी भाग यांचे सांकेतांक वेगळे असतात, मग निर्देशक कोणाला जोडायचा? त्यासाठी नवं शीर्ष उघडायची गरज नाही. एक छोटा तक्ता पुरतो, ज्यात डावीकडे निर्देशक आणि उजवीकडे त्याला पैसा पुरवणारे सगळे सांकेतांक असतात. तो एप्रिलमध्येच गोठवावा लागतो. फेब्रुवारीत तो बनवायला घेतला की ज्या शीर्षाचा खर्च चांगला दिसतो तेच नेमकं गटात येतं. वेतनाचं ३६ उद्दिष्ट शीर्ष आणि मानधन या तक्त्यातून वगळायची सवय सगळीकडे आहे. ती मोडायला हवी. मुलांचं वजन अंगणवाडी सेविकाच करते. तिचं मानधन बाहेर ठेवलं की प्रति मूल खर्च फसवा स्वस्त दिसतो.

आता निर्देशकाकडे. तीव्र कुपोषित मूल म्हणजे उंचीच्या मानाने वजन उणे तीन प्रमाण विचलनाच्या खाली, किंवा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी. व्याख्या पक्की आहे. गडबड होते ती भागाकारातल्या खालच्या आकड्यात. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे निघतात, मुलं सोबत असतात. समजा, एका तालुक्यात जुलैत १८,००० मुलांचं वजन झालं आणि ५४० तीव्र कुपोषित निघाली, म्हणजे ३ टक्के. डिसेंबरात १४,००० मुलं मोजली, ३०८ निघाली, म्हणजे २.२ टक्के. अहवालात घट दिसते आणि चारही शीर्षांना ती मिळते. आता दोन्ही वेळा मोजलेली मुलंच वेगळी काढा. समजा ती १३,५०० आहेत. त्यांत जुलैत ३१० होती, डिसेंबरात ३००. घट जवळजवळ नाहीच. कमी झालेली बहुतेक मुलं बरी झाली नव्हती, तर गावात नव्हती. स्थलांतर करणारी घरं बहुधा सगळ्यांत गरीब असल्याने ही चूक नेहमी एकाच बाजूला, म्हणजे यशाच्या बाजूला झुकते.

ओळखायची खूण सोपी आहे. टक्केवारीच्या शेजारी मोजलेल्या मुलांची संख्या छापलेली नसेल, तर तो निर्देशक वाचूच नये. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर मुलाची नोंद नावानिशी होते, त्यामुळे तीच मुलं दोनदा मोजून तुलना करणं आता कागदी रजिस्टरच्या काळापेक्षा सोपं आहे. तरीही अहवालांत महिन्याची टक्केवारीच जाते, कारण नमुन्यात रकाना तेवढाच आहे.

खर्चाचा रकानाही वाटतो तितका सरळ नाही. जिल्हा परिषदेला राज्याचा निधी मिळाल्याच्या पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वापरता येतो. कोषागारातून रक्कम काढली की राज्याच्या हिशेबात खर्च झाला, आहार मात्र पुढच्या पावसाळ्यात शिजतो. मार्चमध्ये काढलेल्या रकमेसमोर त्याच वर्षाची कुपोषणाची टक्केवारी ठेवली, तर जो पैसा अजून तालुक्यात पोचलेलाच नाही त्याचा परिणाम मोजल्यासारखं होतं. म्हणून खर्चाचे दोन रकाने लागतात: काढलेली रक्कम आणि उपयोगिता प्रमाणपत्रानुसार वापरलेली रक्कम. परिणाम दुसऱ्या रकान्याशी, तोही जुलै ते जुलै असा लावून, ताडून पाहावा लागतो. कुपोषणाचा जोर पावसाळ्यात असतो, एप्रिल-मार्चचं वर्ष तो मधोमध कापत नाही एवढंच काय ते नशीब.