उच्चारखंड व सीमास्वर

वाचताना किंवा बोलताना शब्दांचे जे गट पडतात त्यांना उच्चारखंड म्हणतात. अशा गटाच्या अखेरीस आवाजाला जो चढ किंवा उतार मिळतो तो सीमास्वर. येथे ‘स्वर’ म्हणजे आवाजाची उंची. अ, आ, इ हे वर्ण नव्हेत. खंड संपल्याची खूण केवळ शांततेतून मिळत नाही. शेवटचे अक्षर लांबते, आवाज चढतो वा उतरतो आणि पुढचा खंड बहुधा पुन्हा थोड्या वरच्या पट्टीत सुरू होतो. त्यामुळे क्षणभरही न थांबता वाचलेल्या वाक्यात ऐकणाऱ्याला विराम जाणवू शकतो. उलट ‘त’, ‘प’ यांसारख्या व्यंजनांच्या उच्चारात तोंड बंद असताना अल्पशी शांतता असते, पण ती विराम नव्हे. बोलण्यातील विरामांचा अभ्यास करणाऱ्या फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी विराम मोजताना पाव सेकंदाहून लहान शांतता सोडून दिली, ती याच कारणाने.

‘आईने रडत बाहेर जाणाऱ्या मुलाला हाक मारली’ या वाक्यात स्वल्पविराम नाही. ‘आईने रडत’ हा एक खंड केला तर आई रडते आहे. ‘आईने’ नंतर सीमा घेऊन ‘रडत बाहेर जाणाऱ्या मुलाला’ हे एकत्र वाचले तर मुलगा रडतो आहे. पहिल्या वाचनात ‘रडत’ लांबते. मराठीत अंत्य ‘अ’ उच्चारात लोपत असल्याने हे लांबणे मुख्यतः ‘ड’मधल्या अकारावर पडते, आणि ‘बाहेर’ नव्याने उचलले जाते. दुसऱ्या वाचनात ‘ने’ लांबतो, बोलणे पुढे चालू आहे हे सांगणारा चढ त्यावर येतो, आणि ‘रडत’ ‘बाहेर’ला जवळजवळ चिकटते. शब्द आणि त्यांचा क्रम तोच राहतो. अर्थ ठरतो तो सीमेच्या जागेवरून.

सीमा वाक्यरचनेने ठरते की तिचा स्वतंत्र नियम आहे, हा वाद भारतीय परंपरेत फार पूर्वी छंदःशास्त्रात उभा राहिला. पिंगलाच्या सूत्रांत (काळाबद्दल मतभेद, सामान्यतः इ.स.पू. शेवटची काही शतके) यतीला, म्हणजे चरणातील ठरलेल्या विरामाला, ‘विच्छेद’ म्हटले आहे. इ.स. 1000 च्या सुमारास होऊन गेलेल्या जयकीर्ती या छंदःशास्त्रकाराने नोंदवले आहे की पिंगल, वसिष्ठ आदी आचार्य यती मानतात, तर भरत, कोहल, मांडव्य आदी मानत नाहीत. मेघदूताचा पहिला चरण या प्रश्नाची उत्तम कसोटी आहे. मंदाक्रांता वृत्तात 4, 6 आणि 7 अक्षरांच्या गटांनंतर यती येते: ‘कश्चित्कान्ता । विरहगुरुणा । स्वाधिकारात्प्रमत्तः’. अर्थाने मात्र ‘कान्ताविरहगुरुणा’ हा एकच समास आहे आणि यती त्याच्या पोटातून जाते. शिवाय हे विशेषण ज्याचे आहे ते ‘शापेन’ पुढच्या चरणात आहे. समासातील पदांच्या सांध्यावरची यती छंदःशास्त्राला चालते, पदाच्या मधोमध पडली तर तो यतिभंग. म्हणजे खंड व्याकरणाची अजिबात पर्वा करत नाही असे नाही, पण त्याच्या मागे मागेही जात नाही. हाच मधला पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

आधुनिक भाषाविज्ञानातही तोच प्रश्न आला. मरीना नेस्पोर व आयरीन व्होगेल (1986) यांनी उच्चारखंडांची वाक्यरचनेहून वेगळी उतरंड मांडली. सीमास्वरांची पद्धतशीर नोंद करण्याची रीत जॅनेट पिअरहंबर्ट यांच्या 1980 च्या प्रबंधापासून रुळली. ब्रूस हेज व अदिती लाहिरी यांचे 1991 मधील बंगालीचे वर्णन मराठी वाचकाला जवळचे आहे. त्यात बंगालीतील हो-नाही प्रश्नाच्या शेवटी आवाज चढून लगेच उतरतो असे दाखवले आहे. ‘तू उद्या येणार?’ हा ‘का’ नसलेला मराठी प्रश्न सहसा चढावर सोडला जातो. तेव्हा ‘प्रश्न म्हणजे शेवटी चढ’ हा नियम जवळच्या नात्याच्या भाषांनाही सरसकट लावता येत नाही.

विरामचिन्हे या सीमांची अपुरी नोंद करतात. जुन्या पोथ्यांत दंडापलीकडे फारसे काही नसे आणि मोडीत मजकूर सलग लिहीत. आजची चिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली. त्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. ‘बाळा, इकडे ये’ यात स्वल्पविराम असूनही घाईत सीमा पडत नाही, तर ‘गेल्या आठवड्यात नागपूरहून आलेल्या माझ्या मोठ्या बहिणीने’ या लांब कर्त्यानंतर चिन्ह नसतानाही ती हवीच असते. नवशिका वाचक नेमका इथे अडतो. तो छापील ओळीच्या शेवटी थांबतो, ‘मोठ्या’ आणि ‘बहिणीने’ यांच्यामध्ये सीमा पडते, किंवा प्रत्येक शब्दावर तोच चढ देऊन यादी वाचल्यासारखे वाचतो. श्वास घेण्याची जागा डोळ्यांनी आधीच हेरावी लागते, म्हणून सरावलेल्या वाचकाची नजर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या काही शब्द पुढे असते.