‘खाऊ नका’ एवढं लिहून भागत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या एका लहान उद्योगाची शेंगदाणा चटणी तपासणीत नापास झाली. भुईमूग काढणीच्या वेळी पावसात भिजला होता, नीट वाळायच्या आधीच पोत्यांत भरला गेला होता. अशा ओलसर दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. माल बाजारात गेलेला होता, तो परत मागवायचा होता. मालकांनी सूचनेचा मसुदा लिहिला आणि मी अन्नतपासणीचं काम करतो म्हणून माझ्याकडे पाठवला:

“गुणवत्तेच्या कारणास्तव, केवळ खबरदारी म्हणून, आम्ही चटणीचा काही माल स्वेच्छेने परत मागवत आहोत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

माणूस प्रामाणिक होता. पण हे वाचून कुणीही चटणीची बरणी फडताळातच ठेवली असती. ‘गुणवत्ता’ म्हटलं की मीठ कमी पडलं असेल असं वाटतं. ‘केवळ खबरदारी’ आणि ‘स्वेच्छेने’ या शब्दांनी तर धोका नाहीच असं सांगितलं जातं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या उत्पादन सुरक्षा नियमांनी परत मागवण्याच्या सूचनेत असे शब्द वापरायलाच मनाई केली आहे. ‘अजून कुणाला त्रास झालेला नाही’ हे वाक्यही त्यात चालत नाही. आपल्याकडे अन्न परत मागवण्याची तरतूद २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे आणि तिची कार्यपद्धती २०१७ च्या नियमांत. पण कायद्याला धरून लिहिलेली सूचना घरातल्या माणसाला कळेलच असं नाही.

आम्ही दुसरा मसुदा केला: “या चटणीत बुरशीचे विष आहे, खाऊ नका.” तो शेजारच्या आजींना वाचून दाखवला आणि विचारलं, आता तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, “परत भाजी लिसू, नईतं गायले टाकी देसू.”

आजींचं उत्तर अगदी शहाणपणाचं होतं. भाजल्यावर बुरशी मरते हे खरंच आहे. मात्र तिने आधी करून ठेवलेलं विष घरच्या तव्यावर किंवा कढईत नाहीसं होत नाही. त्याला वास नाही, चव नाही. अख्खे दाणे असते तर काळपट, सुरकुतलेले निवडून टाकता आले असते. कुटलेल्या चटणीत निवडायला काही उरतच नाही. आणि गाईला घातलं तर विषाचा काही भाग तिच्या दुधात उतरतो, तोही दिवसभराच्या आत. म्हणजे चटणी टाळली तरी विष पोराच्या पेल्यात येणार.

धोका किती, हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. हे विष यकृतावर घाव घालतं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. पण ती माणसं तोच मका रोज, पोटभर खात होती. जेवणात चिमूटभर चटणी खाणाऱ्याचं तसं होत नाही. तिथे खरी भीती दीर्घकाळ खात राहिल्याने वाढणाऱ्या यकृताच्या कर्करोगाची. म्हणून सूचनेत मक्याची गोष्ट घातली नाही, आणि धोका लपवलाही नाही. शेवटी ती अशी झाली:

“ही शेंगदाणा चटणी खाऊ नका. २०० ग्रॅमचे पाकीट, बॅच ४१७. आकडा पाकिटाच्या मागे, खालच्या कडेला आहे. हिच्यात बुरशीचे विष आढळले आहे. ते खात राहिल्यास यकृताला इजा होते व कर्करोगाचा धोका वाढतो. चव किंवा वासावरून ते कळत नाही. पुन्हा भाजून किंवा तळून जात नाही. गुरांना, कोंबड्यांना घालू नका, उकिरड्यावर टाकू नका. दुकानात परत द्या; फोडलेले पाकीट असले, पावती नसली तरी पूर्ण पैसे मिळतील. थोडी खाल्ली असेल तर घाबरू नका, आता थांबवा. डोळे पिवळे झाले, उलट्या किंवा पोटात दुखणे सुरू झाले तर लगेच डॉक्टरांकडे जा.” खाली उद्योगाचं नाव आणि फोन नंबर.

उकिरड्याचा उल्लेख कोंबड्यांसाठी. ‘फोडलेले असले तरी’ हे शब्द घालायला मालक आधी तयार नव्हते, पण पैसे बुडतील असं वाटलं की माणूस चटणी संपवून टाकतो.

हे आजींना वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी सगळं बरोबर सांगितलं आणि उठून आतून स्टीलचा डबा आणला. चटणी त्यात ओतलेली होती, पाकीट केव्हाच चुलीत गेलं होतं. बॅच कशी ओळखायची? मग दुकानांत माल कधी पोचला त्या तारखा वह्यांतून काढल्या आणि एक ओळ वाढवली: “पाकीट टाकून दिले असेल आणि चटणी दिवाळीनंतर घेतली असेल, तर ती हीच समजा व डब्यासकट परत आणा.”