थेंब औषधाचा नव्हे, नळीचा

‘रुग्णाचं वजन ६० किलो. डोपामिन दर किलोला, दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. २०० मिलिग्रॅमचं एक अँप्युल सलाईनमध्ये मिसळून एकूण २५० मिलिलिटर द्रावण केलं आहे. मिनिटाला किती थेंब सोडाल?’

नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की नर्सिंगच्या मुलींच्या मोबाईलवर असे वहीच्या पानांचे फोटो फिरायला लागतात. हा फोटो माझ्या भाचीनं दाखवला. ती गंगापूर रोडला मैत्रिणींबरोबर राहते आणि मी सिस्टर ट्यूटर म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे अडलेली गणितं माझ्याकडे येतात. “मामी, ग्रुपवर तीन उत्तरं आलीत. साडेसात, साडेबावीस आणि बावीस हजार पाचशे. बरोबर कुठलं?”

बावीस हजारांना हसून सोडून द्यायचं नाही, कारण ते उत्तर कुठून आलं हे शोधता येतं. तिघींनी एकच फोटो पाहिला होता. आधी गणित नीट करू, मग ही तिन्ही उत्तरं आपापल्या जागी दिसतील.

डोपामिन हे रक्तदाब फार घसरला की द्यायचं औषध. शरीर त्याला भराभर मोडून टाकतं, त्याचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन मिनिटांत निम्म्यावर येतं. म्हणून एकदा इंजेक्शन देऊन भागत नाही, ते सतत जात राहावं लागतं आणि त्याचा डोस मिनिटाच्या हिशेबात सांगितला जातो. दर किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि वजन ६० किलो, म्हणजे या रुग्णाला मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम हवेत. इथपर्यंत सगळ्याच मुली येतात.

आता बाटलीकडे बघू. डोस मायक्रोग्रॅममध्ये आहे, अँप्युलवर मात्र मिलिग्रॅम छापलेले असतात. भागाकाराला हात घालण्याआधी दोन्हीकडे एकच एकक करून घ्यायचं. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम, म्हणून २०० मिलिग्रॅम म्हणजे दोन लाख मायक्रोग्रॅम. ते २५० मिलिलिटरमध्ये पसरले, तर एका मिलिलिटरमध्ये ८०० मायक्रोग्रॅम आले. हवेत ३००, म्हणजे मिनिटाला ३०० भागिले ८००, ०.३७५ मिलिलिटर. तासाचा हिशेब केला तर साडेबावीस मिलिलिटर.

मी मुलींना इथे थांबायला लावायचे. औषधाचं गणित इथे संपलं. रुग्ण, त्याचं वजन, डोस, द्रावण, सगळं त्या ०.३७५ मध्ये आलं. थेंबांचा यातल्या कशाशीही संबंध नाही, थेंब किती मोठा पडणार हे सलाईनच्या नळीवर ठरतं. आपल्याकडच्या वॉर्डात नेहमी दिसणाऱ्या साध्या सेटमध्ये, म्हणजे मॅक्रो सेटमध्ये, २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मायक्रो सेटच्या ड्रिप चेंबरमध्ये बारीक सुईसारखी नळी असते, तिथे ६० थेंब लागतात. हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो.

०.३७५ ला ६० नं गुणलं की साडेबावीस, २० नं गुणलं की साडेसात. दोन्ही उत्तरं बरोबर होती, फक्त वेगवेगळ्या नळ्यांची. “पण प्रश्नात सेट दिलाच नाहीये,” भाची म्हणाली. मी तिला मूळ वही मागवायला सांगितली. पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती, ‘मायक्रो सेट, ६० थेंब’. फोटो काढणारीनं पान सरळ बसवताना तेवढीच ओळ बाहेर ठेवली होती. ती नसताना या गणिताचं मिलिलिटरमध्ये उत्तर आहे, थेंबांत नाही. तशा वेळी उत्तरपत्रिकेत मिलिलिटर लिहून ‘सेट दिलेला नाही’ अशी नोंद करणं हेच प्रामाणिक उत्तर.

बावीस हजारांचं मूळ त्याच फोटोत होतं. वहीत मायक्रोग्रॅमसाठी µg लिहिलं होतं. घाईच्या अक्षरात, त्यात फोटो थोडा हललेला, µ ची खालची शेपटी पुसट झाली की तो सरळ m दिसतो. एकीनं ५ mg वाचलं आणि पुढचं सगळं अचूक केलं. उत्तर हजारपट झालं. म्हणूनच हातानं लिहिताना µg टाळून mcg लिहावं असं औषधसुरक्षेचं काम करणारे सांगतात. अशी चूक पकडायला पुन्हा गणित करावं लागत नाही, बाटली किती वेळ चालेल एवढं विचारायचं. मिनिटाला ३०० मिलिग्रॅम द्यायचे, तर २०० मिलिग्रॅमची अख्खी बाटली ४० सेकंदांत रिकामी व्हायला हवी. खऱ्या उत्तरानं ती अकरा तासांच्या थोडी पुढे जाते.

मला मात्र भीती बावीस हजारांची नाही. एवढे थेंब कोणी सोडूच शकत नाही. भीती आहे ती साडेबावीस थेंब काढून घाईत मॅक्रो सेट जोडला जाण्याची. कागद बरोबर, थेंबांची गती डोळ्यांना अगदी नेहमीची. पण प्रत्येक थेंब तिप्पट मोठा, म्हणून मिनिटाला ३०० ऐवजी ९०० मायक्रोग्रॅम, दर किलोला १५. डोपामिनचं काम डोसप्रमाणे बदलतं. पाचच्या आसपास ते मुख्यतः हृदयाला जोर देतं, दहाच्या वर गेलं की रक्तवाहिन्या आवळायला लागतं. नाडी धावते, रक्तदाब नको तितका चढतो, हातपाय गार पडू शकतात. सेट बदलला की थेंब नव्याने काढायचे ते यासाठी. मायक्रो सेटला एक सोयीची खूणही आहे: तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब एकच आकडा असतात, कारण साठ मिनिटं आणि साठ थेंब एकमेकांना छेदून जातात. इथे दोन्हीकडे साडेबावीस आहेत. दोन आकडे वेगळे निघाले, तर कुठेतरी गडबड आहे.

राहिला तो अर्धा थेंब. वर्गात बावीस की तेवीस यावर तास जाऊ शकतो. (आमच्याकडे गेलाही आहे.) पण सेटच्या पाकिटावर बारकाईनं पाहिलं तर एक मिलिलिटरपुढे ०.१ कमी-जास्त असं लिहिलेलं असतं. म्हणजे नळीतच दहा टक्क्यांची ढिलाई मान्य केलेली आहे. शिवाय अँप्युल ५ मिलिलिटरचं असतं. ते भरलेल्या २५० च्या बाटलीत तसंच सोडलं तर द्रावण २५५ होतं आणि त्याच डोसला जवळजवळ २३ थेंब लागतात. नीट करायचं तर आधी बाटलीतून ५ मिलिलिटर काढून टाकायचे.

त्यापेक्षा मोठी चूक मोजण्यात होते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय इथे चालत नाही. पंधरा सेकंदांत पाच किंवा सहा थेंब दिसणार, म्हणजे वीस किंवा चोवीस. पूर्ण मिनिट घड्याळ धरून मोजावं लागतं. रुग्णानं हात वाकवला, पलंग वर-खाली झाला, रोलर क्लॅम्प जरा सरकला की गती बदलते, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. याच कारणानं डोपामिनसारखी औषधं आता शक्यतो पंपावर लावतात आणि पंपाला थेंब नको असतात, तो तासाचे मिलिलिटर मागतो. भाचीनं वहीच्या समासात २२.५ लिहून त्याला दोन गोल केले, एक थेंबांसाठी आणि एक पंपासाठी, आणि पूर्ण पानाचा नवा फोटो ग्रुपवर टाकला.