वाटा मोठा की बटर जास्त? बाहेरच्या जेवणाच्या कॅलरींचे दोन हिशेब

बाहेर जेवून आल्यावर कॅलरी मोजणारे बरेच जण तशाच घरच्या पदार्थाची कॅलरी-नोंद घेतात आणि त्यावर अंदाजाने पंचवीस टक्के चढवतात. ‘हॉटेलचं आहे, थोडं जास्त धरू’, एवढाच त्यामागचा विचार. पण इथे दोन वेगळ्या चुकांची गल्लत होते. वाटा मोठा असणं ही एक गोष्ट आणि त्यातलं तेल-बटर जास्त असणं ही दुसरी. पहिलीला गुणाकार लागतो, दुसरीला बेरीज.

परतलेली फरसबी घ्या. घरी २०० ग्रॅम शेंगांच्या साधारण ७० कॅलरी आणि एक टीस्पून, म्हणजे ५ मिली तेलाच्या ४०. झाल्या ११०. बाहेर तीच भाजी ३०० ग्रॅम आली आणि आचाऱ्याने त्यात दोन टेबलस्पून बटर सोडलं. टक्केवारीवाला म्हणतो, वाटा दीडपट, म्हणजे १६५. वर हॉटेलचे पंचवीस टक्के, म्हणजे सुमारे २०५. आता सुटं मोजू. ३०० ग्रॅम शेंगांच्या १०५. बटरच्या एका टेबलस्पूनला साधारण १००, म्हणजे दोनाचे २००. बेरीज ३०५. शंभर कॅलरी निसटल्या, त्याही भाजीच्या ताटलीत, जिथे कुणी शोधायला जात नाही.

असं होतं, कारण टक्का मूळ आकड्यावर बसतो. शेंगांचा मूळ आकडाच लहान, मग त्याचे पंचवीस टक्के ते किती असणार? बटरला मात्र भाजी किती कॅलरीची आहे याच्याशी देणंघेणं नाही. उलट भात-चिकनची ६०० कॅलरीची प्लेट असेल, तर तोच टक्का १५० मिळवतो आणि आत एक टेबलस्पून तेल जास्त असेल तर ते १२० चं असतं. इथे अंदाज जमतो, पण निव्वळ नशिबाने. या जमलेल्या अंदाजांमुळेच ही सवय सुटत नाही, असं मला वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवायचा: घरच्या नोंदीतून आधी तेल काढून टाका, उरलेल्याला वाट्याच्या आकाराने गुणा आणि मग स्निग्धांश चमच्यांनी वेगळा मिळवा. तेल न काढता गुणलं तर घरचं तेलही दीडपट होतं आणि वर हॉटेलचं चढतं. टेबलस्पून १५ मिलीचा धरला तर तेलाला १२०, बटरला १००, घट्ट क्रीमला ५० हे आकडे पुरतात. बटर तेलापेक्षा हलकं पडतं, कारण त्यात जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी आणि दुधाचे घटक असतात.

खरी अडचण चमचे किती धरायचे ही आहे आणि त्यात डोळे फसवतात. वर तवंग दिसला की आपण घाबरतो, पण तवंग निदान दिसतो तरी. तो ताटलीत उरला तर तेवढं वजा करता येतं. सॉस गॅसवरून उतरवताना थंड बटर घालून घोटलं, तर त्याचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात. सॉस चकचकीत होतो, चमच्याच्या पाठीला चिकटतो आणि तेलाचा एक थेंबही वर दिसत नाही.

मात्र चमच्याला चिकटणारा प्रत्येक सॉस बटरचा नसतो. कॉर्नफ्लोअर लावलेलाही तसाच दिसतो आणि त्याच्या कॅलरी कितीतरी कमी. गरम असताना ओळखणं अवघड. थोडं थांबा. गार होताना कॉर्नफ्लोअरचा सॉस जेलीसारखा थरथरतो. बटरचा मंदावतो, कडेला थिजतो आणि ओठांवर थर ठेवतो. उरलेलं घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी पिवळट गोठलेले तुकडे दिसतात. ते चमच्याने उचलून वजन केलं तर दर ग्रॅमला ९ कॅलरी धरून किमान आकडा मिळतो. किमानच, कारण क्रीममधला स्निग्धांश बहुतेक सॉसमध्येच राहतो. शिवाय तेल फ्रिजमध्येही बहुधा पातळच राहतं, त्यामुळे गोठलेलं काही दिसलं नाही म्हणजे सॉस हलका असं होत नाही.

माझे आकडे: कोरडी, नुसती चमकणारी भाजी असेल तर एक टेबलस्पून, बोटांना तेल लागत असेल किंवा तळाशी साचलं असेल तर दोन, चकचकीत किंवा क्रीमी सॉस असेल तर दीड ते तीन, आणि नोंद करताना दोन. हे माझे अंदाज आहेत, मोजमाप नव्हे.

नोंद आधीच हॉटेलच्या पदार्थाची असेल किंवा मेनूवर कॅलरी छापलेल्या असतील, तर वर चमचे चढवू नका. ते बटर त्या आकड्यात धरलेलं असतं. मी काही आठवडे ते दोनदा मोजत होतो आणि वजन हिशेबापेक्षा भराभर का उतरतंय, हे मला कळत नव्हतं.