पावसाळा टाळला म्हणजे वादळ टळलं?

मेहुण्याने डिसेंबरचं अंदमान ठरवलं आणि मला फोन करून सांगितलं, "पावसाळा संपलेला असतो, आता कसली भीती?" हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की या वेळी लिहूनच काढतो. पाऊस आणि चक्रीवादळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंगालच्या उपसागरात तर त्यांचं वेळापत्रक जवळजवळ उलटं चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये धो-धो पाऊस असतो, पण मोठं चक्रीवादळ क्वचितच. मोठी वादळं येतात ती पावसाळ्याच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आणि नंतर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. पुरीला झोडपणारं फनी आलं 3 मे 2019 रोजी, तर ओडिशाचं महाचक्रीवादळ आलं ते 29 ऑक्टोबर 1999 ला.

असं का? समुद्र गरम झाला की वादळ होतं, एवढं शाळेत शिकवतात. पाण्याचं तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, हे खरंच आहे. पण जुलैमध्येही उपसागर त्याहून गरम असतो आणि हवेत बाष्प तर भरपूर असतं. तरी वादळ का उभं राहत नाही? याचं उत्तर वाऱ्यात आहे, आणि हवामानशास्त्रातला हा माझा सर्वात लाडका भाग.

चक्रीवादळाचं काळीज म्हणजे गरम हवेचा एक उभा खांब. समुद्रावरून वर गेलेल्या बाष्पाचे ढग होतात, तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि त्या खांबातली हवा तापते. तापलेली हवा हलकी असते, म्हणून तिच्याखाली समुद्रपातळीवरचा दाब उतरतो. दाब उतरला की आजूबाजूचा वारा आणखी जोराने आत धावतो, आणखी बाष्प आणतो आणि खांब आणखी तापतो. हे चक्र चालू राहायचं तर एकच अट आहे: उष्णता एकाच जागेवर, एकावर एक रचली गेली पाहिजे. मडक्यांची उतरंड डोळ्यांसमोर आणा. खालचं मडकं कुणी एका बाजूला ओढलं आणि वरचं दुसऱ्या बाजूला, तर उतरंड टिकेल का?

भर पावसाळ्यात नेमकं हेच होतं. समुद्रावर दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने वाहत असतो. बारा-पंधरा किलोमीटर वर मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जोरदार झोत असतो, ताशी ऐंशी किलोमीटर आणि त्याहूनही वेगवान. खालच्या आणि वरच्या वाऱ्यातला फरक साधारण पस्तीस-चाळीसच्या आत असेल तर वादळ आरामात वाढतं. इथे तो शंभरच्या पुढे जातो. ढगांमधून सुटलेली उष्णता वरच्या वरच शेकडो किलोमीटर पश्चिमेला वाहून जाते. खांब तिरका होतो, त्यात कोरडी हवा घुसते आणि केंद्रातला दाब पुरेसा उतरत नाही. वाऱ्यांच्या या ओढाताणीला शास्त्रात वातकर्तन म्हणतात. पावसाळ्यात उपसागराच्या उत्तरेला कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, पण ती पाऊस पाडतात, जमिनीवर सरकतात आणि विरतात.

ऑक्टोबरमध्ये वरचा झोत विझतो, खालचा मोसमी वाराही माघार घेतो. पाणी गरमच असतं. उतरंड ओढणारं आता कुणी नसतं.

मग फेब्रुवारीत वादळं का नसतात? कारण वादळाचं बीज ज्या पावसाळी पट्ट्यात पडतं, तो पट्टा सूर्यामागे विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलेला असतो. हाच पट्टा मग मॉरिशसच्या बाजूला वादळं घडवतो. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, आणि जोर जानेवारी ते मार्च. 15 जानेवारी 2024 रोजी बेलाल या चक्रीवादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. म्हणजे फेब्रुवारी अंदमानसाठी उत्तम, मॉरिशससाठी धोक्याचा. मॉरिशसला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावं.

विषुववृत्ताला अगदी चिकटून असलेल्या जागा बऱ्याच सुरक्षित असतात. वाऱ्याला भोवरा करायला पृथ्वीच्या फिरण्याचा जो रेटा लागतो, तो तिथे जवळजवळ शून्य असतो. साधारण पाच अंशांच्या आत वादळ सहसा जन्मत नाही. पण डिसेंबर 2001 मध्ये वामेई हे वादळ सिंगापूरजवळ, दीड अंशाच्या आसपास, तयार झालं होतं. निसर्ग आपली पाठ्यपुस्तकं वाचत नाही.

आता मेहुण्याचा डिसेंबर. 2016 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंदमानजवळ एक खोल कमी दाबाचं क्षेत्र घुटमळत होतं. त्याचं चक्रीवादळ अजून झालेलं नव्हतं, नावही मिळालेलं नव्हतं. तरी समुद्र एवढा खवळला की बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. तीच प्रणाली पुढे वरदा झाली आणि 12 डिसेंबरला चेन्नईवर आदळली. पर्यटकाचा खरा प्रश्न बहुतेकदा हा असतो: वादळ डोक्यावर येईल का हा नव्हे, तर बोट सुटेल का.

म्हणून महिन्याचा सरासरी पाऊस बघू नका. एका वाईट आठवड्यात पडलेला पाऊस सरासरीत तीस दिवसांवर वाटला जातो आणि कोष्टकात महिना गोंडस दिसतो. त्याऐवजी वादळांचे जुने मार्ग बघा. IBTrACS या जागतिक नोंदवहीत ते सगळ्यांना खुले आहेत. बेटाभोवती तीनशे किलोमीटरचं वर्तुळ कल्पा आणि त्या महिन्यात किती मार्ग आत आले ते मोजा. समजा, चाळीस डिसेंबरांत सहा आले. म्हणजे एका डिसेंबरला 0.15. तुमची सहल सात दिवसांची, आणि खवळलेला समुद्र निवायला आणखी तीन दिवस धरू. एकतीसपैकी दहा दिवस झाले. 0.15 ला 10 ने गुणून 31 ने भागलं की साधारण पाच टक्के. हा आकडा केवळ नमुन्याचा आहे, हिशेबाची पद्धत मात्र खरी. सहलीला एक मोकळा दिवस जोडला तर पाच टक्के चालून जातील. परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच सकाळी असेल तर मी ते पत्करणार नाही.

पौर्णिमा-अमावास्येला वादळं येतात, असं सांगणारेही भेटतात. चंद्राने वादळ होत नाही. वादळ नेमकं उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर आलं तर पाणी जास्त आत शिरतं, एवढंच. आणि सहा महिने आधी तारखेसकट वादळ सांगणारे व्हिडिओ सरळ बंद करा. भारतीय हवामान विभागसुद्धा दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचाच अंदाज देतो, तोही शक्यतेच्या भाषेत.

मेहुण्याला म्हटलं, फेब्रुवारीचं तिकीट बघ. डिसेंबरच हवा असेल तर वीस तारखेनंतर जा, आणि विमा आजच काढ. वादळ जाहीर झाल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत.